शिरेतून दिलेले पाणी कोठे जाते?

रुग्णाच्या खाटेशेजारी उंच अडकविलेली बाटली, तिच्यातून थेंब थेंब उतरणारे पाणी आणि ते हाताच्या शिरेत नेणारी बारीक नळी हे दृश्य आता भारतातील लहान गावांच्या दवाखान्यांतही परिचयाचे झाले आहे. मराठी बोलणारे लोक अशा प्रत्येक बाटलीला ‘सलाईन’ म्हणतात. ‘त्याला दोन सलाईन लावल्या’ असे सांगताना बाटलीत नेमके काय होते ह्याचा विचार सहसा केला जात नाही. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. परंतु पुष्कळदा त्या बाटलीत मिठाचा कणही नसतो, केवळ पाणी आणि डेक्स्ट्रोज, म्हणजे द्राक्षशर्करा, असते. दोन्ही द्रावणे पाण्यासारखीच स्वच्छ दिसतात, एकाच शिरेतून शरीरात शिरतात आणि दोहोंची घनता पेशींना इजा होणार नाही अशी बेताची ठेवलेली असते. असे असूनही शरीरात गेल्यावर ह्या दोन पाण्यांच्या वाटा वेगळ्या होतात. एकाचे पाणी पेशींच्या बाहेरच राहते. दुसऱ्याचे बरेचसे पाणी पेशींच्या आत जाते. हा भेद का पडतो, आणि तो लक्षात न घेतल्यास रुग्णावर कोणता प्रसंग येऊ शकतो, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

पाण्याची ओढ

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की थोड्याच वेळात भांड्याच्या तळाशी पाणी जमते. वरून पाणी कोणी घातलेले नसते. ते फोडींतूनच बाहेर आलेले असते. ह्याच्या उलट, सुकलेल्या मनुका पाण्यात भिजत घातल्या तर त्या फुगतात. पहिल्या उदाहरणात पाणी पेशींतून बाहेर आले, दुसऱ्यात ते आत शिरले. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे. ज्या पडद्यातून पाणी सहज जाऊ शकते, पण पाण्यात विरघळलेले पदार्थ जाऊ शकत नाहीत, अशा पडद्याच्या दोन बाजूंना दोन द्रावणे असली, तर पाणी कमी कण असलेल्या बाजूकडून अधिक कण असलेल्या बाजूकडे जाते. ह्या क्रियेला परासरण म्हणतात. काही मराठी ग्रंथांत तिला तर्षण असेही नाव आहे.

येथे महत्त्व कणांच्या वजनाला नसून त्यांच्या संख्येला आहे. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे दोन भाग होतात : एक सोडियमचा आणि एक क्लोराइडचा. शर्करेचा रेणू मात्र अखंड राहतो, आणि तो वजनानेही मिठाच्या तिपटीहून जड असतो. म्हणून तितकेच कण मिळविण्यासाठी शर्करा मिठाहून पुष्कळ जास्त घालावी लागते. शिरेतून देण्याच्या मिठाच्या पाण्यात दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, ह्यालाच ०.९ टक्के सलाईन म्हणतात. शर्करेच्या पाण्यात दर लिटरला ५० ग्रॅम द्राक्षशर्करा असते. हे ५ टक्के डेक्स्ट्रोज होय. कण मोजण्याच्या मिलिऑस्मोल ह्या एककात पहिल्याची संख्या दर लिटरला ३०८ आणि दुसऱ्याची सुमारे २७८ येते. रक्तातील पातळ भागाची, म्हणजे रक्तद्रवाची, संख्या २८० ते २९५ च्या आसपास असते. मिठाचे सुटे कण द्रावणात एकमेकांना थोडे खेचून धरतात, त्यामुळे ३०८ चा प्रत्यक्ष परिणाम २८५ च्या जवळपासच भासतो. म्हणजे बाटलीत असेपर्यंत ही दोन्ही द्रावणे जवळजवळ रक्ताच्या तोलाची आहेत.

रक्तपेशींची कसोटी

रक्ताच्या तोलाचे द्रावण कोणते हे शोधून काढण्यास रक्तातील तांबड्या पेशीच उपयोगी पडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्टोख हॅम्बुर्गर ह्या डच शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या घनतेच्या मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी घालून त्यांचे काय होते ते पाहिले. तीन परीक्षानळ्या घेऊन हा प्रकार समजावून घेता येतो. पहिलीत ०.९ टक्के मिठाचे पाणी आहे; तीत पेशी आपला बशीसारखा आकार राखतात. दुसरीत ३ टक्के मिठाचे पाणी आहे. तीत पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते व त्या आक्रसून त्यांच्या कडा खरबरीत होतात. तिसरीत नुसते शुद्ध पाणी आहे; तीत पाणी पेशींत शिरते, पेशी फुगून गोल होतात आणि शेवटी फुटतात. त्यांतील तांबडे द्रव्य बाहेर पडून गढूळ दिसणारी नळी एकाएकी पारदर्शक लाल दिसू लागते.

पहिल्या द्रावणाला समपरासारी, दुसऱ्याला अतिपरासारी आणि तिसऱ्याला अवपरासारी म्हणतात. पेशीला फुगविण्याच्या, आक्रसविण्याच्या किंवा आहे तशी ठेवण्याच्या द्रावणाच्या ह्या गुणाला शास्त्रीय परिभाषेत टॉनिसिटी असे नाव आहे. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की फुगण्याची आणि फुटण्याची पायरी एक नव्हे. मिठाचे प्रमाण ०.९ वरून खाली येऊ लागताच पेशी फुगू लागतात. निरोगी माणसाच्या पेशी प्रत्यक्ष फुटू लागतात त्या हे प्रमाण ०.५ टक्क्यांच्या खाली आल्यावर. म्हणून रक्ताचा रंग बिघडला नाही एवढ्यावरून पेशींत पाणी शिरलेच नाही असे अनुमान काढता येत नाही.

शुद्ध पाणी शिरेत का देत नाहीत ह्याचे उत्तरही तिसऱ्या नळीत आहे. सुईच्या टोकाशी ज्या रक्तपेशींना ते पाणी प्रथम भेटेल त्या फुटून जातील. रुग्णाला केवळ पाण्याची गरज असली तरी ते देताना पेशींना न दुखविणाऱ्या एखाद्या पदार्थाची सोबत द्यावी लागते. ५ टक्के डेक्स्ट्रोजमधील शर्करा हीच ती सोबत होय. ती पाण्याला सुखरूप शिरेत पोहोचविते आणि नंतर नाहीशी होते. पुढील सर्व भेद ह्या नाहीसे होण्यातून निर्माण होतो.

शरीरातील दोन भिंती

६० किलोग्रॅम वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यांपैकी २४ लिटर असंख्य पेशींच्या आत आणि १२ लिटर पेशींच्या बाहेर असते. बाहेरच्या १२ लिटरांतील साधारण ३ लिटर रक्तवाहिन्यांत रक्तद्रवाच्या रूपाने वाहतात, आणि उरलेले ९ लिटर पेशींच्या सभोवतालच्या फटींत पसरलेले असतात. हे आकडे सोयीसाठी पूर्णांकांत दिले आहेत. वय, लिंग आणि देहाची स्थूलता ह्यांप्रमाणे ते थोडेबहुत बदलतात.

शरीरातील पाण्याची ही तीन दालने आहेत असे मानले, तर त्यांच्यामध्ये दोन भिंती येतात. पहिली भिंत केशवाहिन्यांची. ती रक्तद्रव आणि पेशींभोवतीचा द्रव ह्यांना वेगळे करते. ह्या भिंतीतून पाणी, मीठ आणि शर्करा ही तिन्ही सहज जातात. रक्तातील मोठमोठी प्रथिने तेवढी अडून राहतात. दुसरी भिंत प्रत्येक पेशीच्या पटलाची. हिच्यातून पाणी झटपट जाते. अनेक पेशींच्या पटलांत केवळ पाण्यासाठी असे सूक्ष्म मार्ग असतात, आणि त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री ह्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सोडियमला मात्र ही दुसरी भिंत बंद आहे असेच म्हटले पाहिजे. जे थोडे सोडियम आत झिरपते ते पटलातील एक यंत्रणा शक्ती खर्चून सतत बाहेर फेकत असते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम आत घेत असते. परिणामी सोडियम बाहेरच्या दालनांत आणि पोटॅशियम आतल्या दालनात अशी कायमची वाटणी होते.

शर्करेची गोष्ट निराळी आहे. इन्सुलिनच्या साहाय्याने ती दुसरी भिंत ओलांडून पेशींत जाते; तेथे तिचे ज्वलन होऊन कर्बवायू आणि पाणी तयार होते, किंवा ती साठ्याच्या रूपात बांधली जाते. दोन्ही प्रकारांत पाणी ओढून धरणारा सुटा कण म्हणून ती उरत नाही. तेव्हा पेशींच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न बाटलीत किती कण होते हा नसून त्यांपैकी किती कण पेशींबाहेर टिकून राहिले हा आहे. टिकणाऱ्या कणांचीच ओढ खरी. मीठ टिकते, शर्करा टिकत नाही.

एक लिटर पाण्याचा हिशेब

आता वर सांगितलेल्या ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला एक लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, ०.९ टक्के सलाईन दिले असे समजू. ते प्रथम शिरेत पडते. केशवाहिन्यांची भिंत मिठाला अडवीत नाही, म्हणून ते रक्तद्रव आणि पेशींभोवतीचा द्रव ह्या दोन्ही दालनांत पसरते. पेशींची भिंत मात्र ते ओलांडू शकत नाही. बाहेरच्या द्रवाची घनता पूर्वीइतकीच राहिल्याने पेशींतील पाणी बाहेर येण्यास किंवा बाहेरचे आत जाण्यास काहीच कारण घडत नाही. एक लिटर सलाईन संपूर्णपणे पेशींबाहेर राहते. बाहेरच्या १२ लिटरांत रक्तद्रवाचा वाटा एक चतुर्थांश असल्यामुळे दिलेल्या १,००० मिलिलिटरांतून सुमारे २५० मिलिलिटर रक्तवाहिन्यांत राहतात आणि ७५० मिलिलिटर पेशींच्या सभोवार जातात.

त्याच माणसाला सलाईनऐवजी एक लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोज दिले तर काय होईल? बाटली सावकाश दोनतीन तासांत दिली, तर निरोगी शरीर त्यातील ५० ग्रॅम शर्करा जवळजवळ येता येताच वापरून टाकते. मागे उरते ते नुसते पाणी. ह्या पाण्याने बाहेरचा द्रव क्षणभर पातळ होतो. लगेच आतील अधिक घन द्रवाकडे पाणी जाऊ लागते, आणि तिन्ही दालनांतील घनता सारखी झाल्यावरच ते थांबते. म्हणजे हे लिटरभर पाणी दालनांच्या आकाराप्रमाणे वाटले जाते. एकूण ३६ लिटरांपैकी २४ पेशींत असल्यामुळे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६६७ मिलिलिटर, पेशींच्या आत जातात. बाहेर उरतात ३३३ मिलिलिटर. आणि त्यांतील चौथा हिस्सा, सुमारे ८० मिलिलिटर, एवढाच रक्तवाहिन्यांत शिल्लक राहतो. एका बाटलीतून पाव लिटर, तर दुसरीतून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे.

अतिसाराने किंवा रक्तस्रावाने ज्याच्या रक्तवाहिन्या रित्या झाल्या आहेत, नाडी क्षीण झाली आहे आणि हातपाय गार पडले आहेत, अशा रुग्णाच्या बाबतीत ह्या हिशेबाला जीवनमरणाचे मोल येते. त्याला तातडीने हवे असते ते रक्तवाहिन्या भरून काढणारे द्रावण. पाव लिटर जागा केवळ डेक्स्ट्रोजने भरावयाची तर तीन लिटर द्यावे लागेल, आणि त्यातले दोन लिटर पेशींना फुगवीत बसेल. म्हणून अशा प्रसंगी डेक्स्ट्रोज निरुपयोगीच नव्हे तर घातक ठरते; तेथे सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटसारखे सोडियमयुक्त द्रावणच दिले जाते.

पटकीच्या इतिहासात ह्या तत्त्वाचा प्रत्यय आलेला आहे. १८३१-३२ च्या साथीत विल्यम ब्रुक ओशॉनेसी ह्या तरुण वैद्याने पटकीच्या रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण करून त्यांतील पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखविले. पुढे हाच गृहस्थ कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. त्याच्या निष्कर्षावरून १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लाटा ह्यांनी मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत मीठ व सोडा मिसळलेले पाणी दिले. त्यांचे द्रावण रक्ताहून बरेच पातळ होते. तरी त्यात सोडियम असल्यामुळे बुडालेली नाडी परत लागल्याचे दिसून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स ह्यांनी ह्याच रोगावर उलट मार्ग धरला. त्यांनी रक्ताहून अधिक तीव्र असे मिठाचे द्रावण दिले. असे द्रावण पेशींतील पाणी ओढून वाहिन्यांकडे आणते. त्यांच्या उपचाराने पटकीतील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. आज ह्या रोगावर रक्ताच्या तोलाचीच द्रावणे वापरली जातात. परंतु रिक्त वाहिन्या भरण्यास नुसते पाणी नव्हे तर सोडियमसह पाणी हवे, हे तत्त्व तेव्हापासून कायम आहे.

पाणी अडून राहते तेव्हा

निरोगी माणसाच्या पोटात थोडे जास्त पाणी गेले तर मूत्रपिंडे काही तासांत ते बाहेर टाकतात. डेक्स्ट्रोजने आलेल्या पाण्याचेही एरवी असेच होते. अडचण येते ती आजारपणात. शस्त्रक्रिया, वेदना, मळमळ, फुप्फुसाचा दाह किंवा मेंदूचा आजार ह्यांमुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात पाझरते. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा हुकूम देते. लघवी थोडी आणि घट्ट होते. ह्या स्थितीत शिरेतून येणारे जादा पाणी बाहेर पडण्याचा मार्ग जवळजवळ बंद झालेला असतो.

१९५७ साली मॅल्कम हॉलिडे व विल्यम सेगर ह्या अमेरिकन वैद्यांनी आजारी मुलांना दिवसाला किती पाणी द्यावे ह्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. वजनाच्या पहिल्या १० किलोग्रॅमना दर किलोग्रॅमला १०० मिलिलिटर, पुढील १० किलोग्रॅमना ५० मिलिलिटर आणि त्यापुढे २० मिलिलिटर असा तिचा हिशेब आहे. पाण्याच्या प्रमाणासाठी ही रीत आजही वापरली जाते. परंतु तिच्याबरोबर सोडियमचे जे प्रमाण सुचविले होते ते आईच्या व गाईच्या दुधातील प्रमाणावरून बेतलेले व अल्प होते. त्यामुळे रक्ताच्या मानाने एकपंचमांश मीठ असलेली, म्हणजे ०.१८ टक्के सलाईन व डेक्स्ट्रोज ह्यांच्या मिश्रणाची, बाटली अनेक दशके मुलांसाठी नेहमीची झाली.

ह्या रीतीने २० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला दिवसाकाठी १,५०० मिलिलिटर द्यावयाचे ठरते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला ०.१८ टक्के सलाईनचे हे मिश्रण दिले जात आहे अशी कल्पना करावी. शर्करा जळून गेल्यावर उरणारे मीठ ३०० मिलिलिटर समपरासारी सलाईनला पुरेल एवढेच आहे. उरलेले १,२०० मिलिलिटर म्हणजे शुद्ध पाणीच. श्वासातून आणि त्वचेवाटे सुमारे ४०० मिलिलिटर पाणी जाते. संप्रेरकाच्या प्रभावामुळे लघवीतून ३०० मिलिलिटरच, तेही रक्ताच्या तोलाचे, बाहेर पडले असे धरले, तर ८०० मिलिलिटर शुद्ध पाणी शरीरात साचते. मुलाच्या अंगात आरंभी १२ लिटर पाणी होते आणि रक्तातील सोडियम दर लिटरला १४० मिलिमोल होते. पाणी १२.८ लिटर झाल्यावर सोडियम १३१ वर येते. दुसऱ्या दिवशी हाच क्रम चालला तर पाणी १३.६ लिटर होते आणि सोडियम १२४ च्या खाली उतरते. मुलाच्या अंगातील सोडियम हरवलेले नाही. ते पाण्यात पातळ झाले आहे.

बाहेरचा द्रव पातळ झाल्याबरोबर परीक्षानळीतील तांबड्या पेशींप्रमाणे शरीरातील सर्व पेशी फुगू लागतात. स्नायू किंवा यकृत ह्यांना फुगण्यास जागा असते. मेंदू मात्र कवटीच्या अस्थिपेटीत बंद आहे, आणि लहान मुलांत कवटी व मेंदू ह्यांमधील मोकळी जागा मोठ्यांहूनही कमी असते. म्हणून पहिली लक्षणे मेंदूचीच दिसतात : डोके दुखणे, उलट्या, मुलाचे न खेळता गळून पडून राहणे, गुंगी, आणि दुर्लक्ष झाले तर आकडी येणे व श्वास थांबणे. ह्यातील फसवा भाग असा, की मळमळ व गुंगी ही शस्त्रक्रियेनंतर अपेक्षितच असतात असे समजून ती सोडून दिली जातात. खरे कारण कळते ते रक्तातील सोडियम मोजल्यावर. निरोगी मर्यादा १३५ ते १४५ ची आहे. तिच्या खाली येणारा आकडा, आणि रोज मोजलेल्या वजनात होणारी अकारण वाढ, ह्या दोन गोष्टी पाणी साचत असल्याचे लक्षणांच्या आधीच सांगतात.

अशा रीतीने मुले दगावल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेल्यावर ही प्रथा बदलण्यास सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये रुग्णसुरक्षेचे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००७ साली ०.१८ टक्के सलाईनची ही बाटली मुलांच्या सर्वसाधारण कक्षांतून काढून टाकण्याचा इशारा दिला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेने २०१८ साली २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांना समपरासारी सलाईनच, त्यात योग्य तेवढे डेक्स्ट्रोज व पोटॅशियम घालून, द्यावे अशी शिफारस केली. वरील मुलाला असे द्रावण दिले असते तर शर्करा जळाल्यावर मागे रक्ताच्या तोलाचे मिठाचे पाणी उरले असते, आणि सोडियम आपल्या जागेवरून फारसे हलले नसते.

मेंदू फुगल्याची लक्षणे दिसू लागल्यावर उपचारही परासरणाच्याच नियमाने करतात. ३ टक्के सलाईनमध्ये दर लिटरला ५१३ मिलिमोल सोडियम असते. त्याची थोडी मात्रा शिरेतून दिली की बाहेरच्या द्रवाची ओढ वाढते आणि मेंदूच्या पेशींतील पाणी बाहेर येते. मात्र सोडियम कित्येक दिवसांपासून हळूहळू उतरलेले असेल, तर ते एकदम वर चढविणेही धोक्याचे असते. त्या अवधीत मेंदूच्या पेशींनी आपल्यातील कण कमी करून नव्या परिस्थितीशी जुळवून घेतलेले असते. घाई केल्यास त्या आक्रसून मज्जातंतूंच्या आवरणास इजा पोहोचते. म्हणून दिवसाला ८ ते १० मिलिमोलहून अधिक वाढ होऊ न देण्याची दक्षता घेतली जाते.

चिठ्ठीवरील आकडा कसा वाचावा

बाटलीवरील चिठ्ठीत कणांची एकूण संख्या दिलेली असते. टिकणाऱ्या कणांची संख्या वाचणाऱ्याने स्वतः काढावी लागते. भारतात ‘डी.एन.एस.’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाटलीत ०.९ टक्के मीठ आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज दोन्ही असतात. त्यातील कणांची बेरीज ५८० च्या पुढे जाते, रक्ताच्या जवळजवळ दुप्पट. तरीही ही बाटली पेशींना आक्रसवीत नाही. शर्करा खर्ची पडल्यावर तिच्यात सलाईनचेच ३०८ कण उरतात. ०.४५ टक्के मीठ आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज ह्यांच्या मिश्रणाची बेरीज ४३० च्या आसपास येते, आणि केवळ आकडा पाहणाऱ्यास ते रक्ताहून तीव्र वाटेल; परंतु टिकणारे कण १५४ च असल्यामुळे प्रत्यक्षात ते अर्धे सलाईन आणि अर्धे पाणी आहे.

ह्या नियमाला एक अपवाद आहे. मधुमेहाच्या ज्या रुग्णात इन्सुलिन पुरेसे नसते त्याच्या रक्तातील शर्करा पेशींत शिरत नाही. तेव्हा ती मिठाप्रमाणेच बाहेर टिकून राहते आणि पेशींतील पाणी बाहेर ओढते. अशा रुग्णाला डेक्स्ट्रोज देणे म्हणजे पाणी देणे नव्हे.

सलाईन सर्वत्र चांगले आणि डेक्स्ट्रोज सर्वत्र वाईट असा ह्या विवेचनाचा अर्थ नाही. ज्याच्या शरीरातून मुख्यतः पाणीच गेले आहे आणि रक्तातील सोडियम वाजवीपेक्षा वर चढले आहे, अशा रुग्णाच्या कोरड्या पडलेल्या पेशींना डेक्स्ट्रोजचे पाणीच हवे असते. उलट सलाईनमधील एक थेंबही पेशींत जात नसल्याने ते गरजेहून अधिक झाले तर पायांवर सूज येते, आणि हृदय दुबळे असेल तर फुप्फुसांत पाणी साचते. त्यातील क्लोराइडही रक्तातील प्रमाणाच्या सुमारे दीडपट असते, त्यामुळे फार मोठ्या प्रमाणात दिल्यास रक्ताची आम्लता वाढते.

अशक्तपणा आला म्हणून ‘एक ग्लुकोजची बाटली चढवा’ असा आग्रह धरणाऱ्यांची समजूतही ह्या हिशेबाने तपासून पाहता येते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम शर्करा असते. तिच्यापासून सुमारे १०० किलोकॅलरी, म्हणजे एका मध्यम पोळीइतकी, उष्णता मिळते. उरलेली सर्व बाटली पाण्याची असते, आणि त्या पाण्यातील दोन हिस्से पेशींत व एक हिस्सा बाहेर जातो. तोंडाने खाऊपिऊ शकणाऱ्या माणसाला पोळी आणि पेलाभर पाणी घेऊन हेच साधता येते, आणि त्यासाठी शिरेत सुई घालावी लागत नाही.